बिन कार्डावरचे दोन आकडे: किती मागवायचं आणि कधी मागवायचं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी काही वर्षं हिशेबाच्या टेबलावर होतो. तिथल्या स्टोअरमध्ये प्रत्येक मालाला एक बिन कार्ड, म्हणजे आवक, जावक आणि शिल्लक लिहायचं कार्ड, होतं आणि कार्डाच्या डोक्यावर दोन आकडे लिहिलेले असत. कास्ट आयर्न टर्निंगच्या कार्बाइड इन्सर्टच्या, म्हणजे लेथवर धातू कापणाऱ्या बदलत्या पात्याच्या, कार्डावर ते ३०० आणि २६० असे होते. पहिला ईओक्यू, म्हणजे एका वेळी किती मागवायचं. दुसरा रीऑर्डर लेव्हल, म्हणजे साठा कितीवर आला की ऑर्डर टाकायची. दोन्ही आकडे नगांतच, एकाच कार्डावर, एकमेकांच्या जवळपास. त्यामुळे एक आकडा दुसऱ्याचं काम करील असं वाटायला फार वेळ लागत नाही. आमच्याकडे तसंच झालं.

आधी ते ३०० कुठून आले ते बघू. आमचा वापर कामाच्या दिवसाला सरासरी २० इन्सर्ट, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ६,००० नग. एका ऑर्डरमागे पार्सलचं भाडं, फोनाफोनी, आल्यावर मोजणी आणि बिलाची नोंद धरून ३७५ रुपये जात. यात स्टोअरकीपरचा पगार धरायचा नाही, कारण ऑर्डरी दहा टाका की वीस, पगार तेवढाच. फक्त ऑर्डर वाढली की जो खर्च वाढतो तोच घ्यायचा. नगाची किंमत २५० रुपये, आणि एक नग वर्षभर कपाटात पडून राहिला तर त्याचे ५० रुपये. त्यात कॅश क्रेडिटचं व्याज येतं आणि दुसरी एक जोखीमही येते. गिऱ्हाईकाचा जॉब बंद झाला की त्या ग्रेडचे इन्सर्ट कुणाला नकोसे होतात.

हिशेब असा: वार्षिक वापर गुणिले ऑर्डरचा खर्च, त्याची दुप्पट, त्याला साठवणीच्या खर्चाने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ६,००० गुणिले ३७५ गुणिले २, भागिले ५०, म्हणजे ९०,०००. वर्गमूळ ३००. दहाच्या डब्यात माल येतो, तेव्हा तीस डबे. वर्षात वीस ऑर्डरी होतात, त्यांचे ७,५०० रुपये. कपाटात फिरता साठा सरासरी १५०, त्याचेही ७,५००. दोन खर्च बरोबरीला आले की एकूण सगळ्यात कमी होतो. अमेरिकन इंजिनिअर फोर्ड हॅरिस यांनी हे १९१३ साली मांडलं, आणि गणित अजून तेच आहे.

या आकड्याबद्दल एक गोष्ट शिकवताना सहसा राहून जाते. तो फारसा नाजूक नसतो. ३०० ऐवजी ४०० मागवले तर वर्षाचा खर्च १५,००० वरून १५,६२५ होतो. २४० मागवले तर १५,३७५. म्हणजे डीलर म्हणाला की चाळीस डबे घ्या, गाडीभाडं माझं, तर बिनधास्त घ्यावेत. थेट दुप्पट, ६०० केले तर मात्र १८,७५०, म्हणजे पाव हिस्सा जास्त.

आता २६०. इथे वर्गमूळ नाही, पैसाही नाही. ऑर्डर टाकल्यापासून माल हातात येईपर्यंत आपण किती खाणार, एवढाच प्रश्न. पुण्याच्या डीलरकडून माल यायला ६ ते १० दिवस लागायचे, आणि घाईच्या दिवसांत वापर २६ पर्यंत जायचा. जास्तीत जास्त वापर गुणिले जास्तीत जास्त दिवस, म्हणजे २६ गुणिले १०. झाले २६०. नेहमीच्या ८ दिवसांत १६० संपतात, तेव्हा नवा माल येताना साधारण १०० शिल्लक असतात. ते १०० म्हणजे आमची राखीव शिबंदी.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की फरक उघडा पडतो. ईओक्यूच्या हिशेबात माल यायला किती दिवस लागतात हे कुठेच नाही. रीऑर्डर लेव्हलच्या हिशेबात किंमत, व्याज, भाडं यातलं काहीच नाही. वापर तेवढा दोन्हीकडे आहे, पण सारखा नाही. वापर दुप्पट झाला तर रीऑर्डर लेव्हल सरळ दुप्पट होते, २६० चे ५२०. ईओक्यू ३०० वरून ४२४ च्या आसपासच जातो, कारण तो वर्गमूळाखाली आहे. ‘काम वाढलंय, दोन्ही आकडे डबल करा’ असं कुणी म्हणालं की त्यातलं अर्धंच बरोबर असतं.

आमची गफलत झाली ती इथेच. डीलरने एके दिवशी सांगितलं की हा ग्रेड आता पुण्यात ठेवत नाही, परदेशातल्या गोदामातून थेट येणार, महिना लागेल. महिना म्हणजे कामाचे पंचवीस दिवस. (वापर कामाच्या दिवसांवर मोजायचा आणि वाट कॅलेंडरच्या दिवसांवर, असा घोळ करू नये.) मालक म्हणाले, “उशीर होतोय तर जास्त मागवा की ओ. एकदम सहाशे टाका.” स्टोअरकीपरने कार्डावरचे ३०० खोडून ६०० लिहिले. २६० ला कुणी हात लावला नाही. मीही नाही.

ऑर्डर २६० वर गेली. दिवसाला २०, म्हणजे तेराव्या दिवशी कपाट रिकामं. माल पंचविसाव्या दिवशी. मधले बारा दिवस आम्ही शेजारच्या शेडमधून उसने डबे आणत होतो आणि एक लेथ तर उभंच होतं. मग सहाशे आले, कपाट गच्च भरलं, सगळ्यांना हायसं वाटलं. सतराव्या दिवशी साठा पुन्हा २६० वर आला, पुन्हा ऑर्डर, आणि पुन्हा तेच बारा दिवस. स्टोअरकीपर वैतागून म्हणाला, “आलं की ढीग, नसलं की काहीच नाही, असं कसं ओ हे?”

मोठा लॉट मागवल्याने टंचाईच्या फेऱ्या वर्षात कमी होतात, हे खरं. पण प्रत्येक फेरीतले बारा दिवस तसेच राहतात, कारण सहाशे मागवा नाहीतर हजार, ऑर्डर निघते तेव्हा हातात २६०च असतात. बदलायचा आकडा दुसरा होता. २६ गुणिले २५, म्हणजे ६५०. आणि मागवायचे पूर्वीसारखेच ३००, कारण भाडं, व्याज, किंमत यातलं काही बदललेलं नव्हतं.

मी ६५० लिहून दिले तेव्हा स्टोअरकीपरने जो प्रश्न विचारला तो अजून लक्षात आहे. “कपाटात सहाशे पन्नास कधी होणारच नाहीत. मागवायचे तीनशे. मग मी रोज ऑर्डर टाकू काय?”

प्रश्न अगदी रास्त होता. रीऑर्डर लेव्हल ईओक्यूपेक्षा मोठी झाली की नुसतं कपाट बघून चालत नाही. कपाटातला साठा आणि वाटेवरची ऑर्डर, दोन्हींची बेरीज धरायची आणि ती बेरीज ६५० ला टेकली की नवे ३०० मागवायचे. समजा कपाटात ३५० आहेत आणि ३०० वाटेवर आहेत, तर बेरीज ६५०, ऑर्डर टाका. टाकल्याबरोबर बेरीज ९५० होते. दिवसाला २० प्रमाणे पंधरा दिवसांनी ती पुन्हा ६५० वर येते, मग पुढची ऑर्डर. म्हणजे पहिला माल पोचायच्या आत दुसरी ऑर्डर निघालेली असते. पंचवीस दिवसांत ५०० संपतात, त्यामुळे माल येताना कपाटात साधारण १५० उरलेले असतात आणि माल आल्यावर ४५० होतात. कपाटाने ६५० कधीच बघितले नाहीत आणि बघायची गरजही नव्हती. आम्ही कार्डावर ‘वाटेवर’ असा एक रकाना आखून घेतला. ज्यांच्याकडे संगणकावर स्टॉक आहे त्यांनीही एकदा तपासावं की त्यांचा रीऑर्डरचा इशारा नुसत्या हातातल्या साठ्यावर वाजतो की बेरजेवर. हातातल्या साठ्यावर वाजत असेल तर तो अशा मालाला रोज वाजेल, आणि आठवड्याभरात त्याच्याकडे कुणी बघणार नाही.

आपल्या भागात हा फरक पावसाळ्यात फार जाणवतो. पुणे-कोल्हापूरकडून बेळगाव-निपाणीला येणारा माल एका महामार्गावर अवलंबून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ रस्त्यावर आलं आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. सीमाप्रश्न तापला की वेगळी अडचण. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, दोन्हीकडच्या बसही थांबल्या. अशा वेळी पुष्कळ दुकानदार आणि कारखानदार लॉट मोठा करतात. पण रस्ता बंद होण्याचा ईओक्यूशी काही संबंध नाही. लांबतात ते दिवस, म्हणून हलवायची ती रीऑर्डर लेव्हल.

पुण्याहून दहा दिवसांत येणाऱ्या मालाला जून ते सप्टेंबर सात दिवस जादा धरले तर २६ गुणिले १७, म्हणजे ४४२. राखीव साठा १८२ नगांनी वाढला. नगामागे वर्षाला ५० रुपये, म्हणजे चार महिन्यांचे साधारण ३,००० रुपये. एक लेथ दोन-तीन दिवस उभं राहिलं तर किती जातात, ते ज्याने त्याने आपल्या शेडच्या हिशेबाने बघावं. आम्हाला तीन हजार स्वस्त वाटले. ऑक्टोबर उजाडला की आकडा परत २६० वर आणायचा. हे काम मात्र हमखास विसरतं, म्हणून कार्डावर पावसाळ्याचा आकडा लाल शाईने आणि बाकी वर्षाचा निळ्याने लिहीत असू.

कोणता आकडा चुकलाय हे ओळखायला गणितही लागत नाही. नवा माल आत घेताना कपाटात जुने किती उरलेत ते कार्डावर लिहून ठेवायचं. चार-पाच वेळा तिथे शून्य किंवा एक-दोन डबे दिसले तर रीऑर्डर लेव्हल कमी पडतेय. दरवेळी राखीवपेक्षा कितीतरी जास्त उरलेले दिसले तर ती उगाच वर ठेवलीय. याउलट, माल कधीच संपत नाही पण पार्सलवाला आठवड्यातून दोनदा त्याच मालाची पेटी घेऊन दारात, किंवा एकदा आलेला लॉट तीन महिने हलत नाही, अशी लक्षणं असतील तर लॉटचा आकडा तपासायचा. आमच्या इन्सर्टच्या कार्डावर बदलानंतर या उरलेल्या नगांच्या नोंदीत १६०, १३०, १५०, ९० असे आकडे येत गेले. शेजारच्या शेडचे उसने डबे तोवर परत करून झाले होते.