ऐकून बोलणाऱ्यांचीही टक्कर का होते?

एकाच केबलवर किंवा एकाच रेडिओ चॅनेलवर अनेक संगणक असतील, तर प्रत्येकाने आधी ऐकावे आणि चॅनेल मोकळे असेल तरच पाठवावे, एवढा नियम पुरेसा आहे असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. एक कारण असे की संदेशाला पोहोचायला वेळ लागतो. दोन किलोमीटरच्या केबलमध्ये विद्युत संकेत साधारण सेकंदाला दोन लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे दुसऱ्या टोकाला पोहोचायला त्याला १० मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्या काळात तिकडच्या संगणकाला चॅनेल मोकळेच भासते. त्यानेही पाठवले, तर दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून निकामी होतात, म्हणजेच टक्कर होते.

मात्र माझ्या मते खरा प्रश्न दुसरा आहे: चॅनेल व्यस्त असताना ज्यांना थांबावे लागले, त्यांनी ते मोकळे होताच काय करावे? १९७५ मध्ये लिओनार्ड क्लाइनरॉक आणि फुआद तोबागी यांनी या प्रश्नाच्या तीन उत्तरांची गणिती तुलना केली. ती समजण्यासाठी एक प्रसंग घेऊ. सेकंदाला एक कोटी बिट वाहून नेणाऱ्या आपल्या केबलवर १०,००० बिटांचे एक पॅकेट चालू आहे. ते संपायला १ मिलिसेकंद, म्हणजे वरच्या विलंबाच्या शंभरपट वेळ लागतो. दरम्यान पाच संगणकांकडे पाठवण्याजोगे काहीतरी तयार झाले आहे.

वन-पर्सिस्टंट पद्धतीत पाचही संगणक कान लावून बसतात आणि चॅनेल मोकळे होताच तत्क्षणी पाठवतात. एकच जण वाट पाहत असता, तर याहून चांगली पद्धत नव्हती, कारण एक क्षणही वाया गेला नसता. पण दोन किंवा अधिक जण असतील तर टक्कर केवळ संभाव्य नसते, ती ठरलेलीच असते, कारण आधीच्या पॅकेटचा शेवट सर्वांना जवळजवळ एकाच वेळी ‘सुरू करा’ असे सांगतो.

नॉन-पर्सिस्टंट पद्धतीत चॅनेल व्यस्त दिसताच संगणक ऐकणे सोडतो आणि यादृच्छिक काळानंतर पुन्हा डोकावतो. चॅनेल मोकळे झाल्यानंतरच्या २० मिलिसेकंदांत पाचांच्या डोकावण्याच्या वेळा कशाही विखुरल्या आहेत असे धरू. जो पहिला येईल त्याच्या मागोमाग १० मायक्रोसेकंदांत दुसरा आला तरच टक्कर होते, आणि तिची शक्यता साधारण ४०० मध्ये १ एवढीच आहे. किंमत मात्र वेगळीकडे मोजावी लागते: तो पहिला येईपर्यंत सरासरी ३.३ मिलिसेकंद, म्हणजे तीन पॅकेटे सहज गेली असती इतका वेळ, चॅनेल रिकामे पडून राहते.

पी-पर्सिस्टंट पद्धत या दोहोंच्या मधली आहे, आणि मला ती सर्वांत सुंदर वाटते. संगणक ऐकत राहतो, पण चॅनेल मोकळे झाल्यावर p एवढ्या शक्यतेनेच पाठवतो. नाहीतर एक १० मायक्रोसेकंदांचा टप्पा थांबतो, पुन्हा ऐकतो आणि चॅनेल अजून मोकळे असेल तर पुन्हा तसेच ठरवतो. p = ०.१ असेल तर एका टप्प्यात पाचही जण गप्प राहण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के असते. नेमका एकच बोलण्याची शक्यता ३३ टक्के आणि टकरीची ८ टक्के. गप्प गेलेला टप्पा पॅकेटच्या फक्त शंभराव्या भागाएवढा असतो, तर टक्कर पूर्ण पॅकेट वाया घालवते. म्हणून शेवटी कोणीतरी बोलतो तेव्हा तो एकटाच असण्याची शक्यता ८० टक्के होते, आणि त्यासाठी सरासरी दीड टप्पाही रिकामा जात नाही. p = ०.०३ केले तर ती शक्यता ९४ टक्क्यांवर जाते आणि सुमारे सहा टप्पे रिकामे जातात. पण एकटाच संगणक वाट पाहत असेल, तर p एवढे लहान ठेवल्याने तो सरासरी ३२ टप्पे विनाकारण थांबतो. थांबलेल्यांची संख्या गुणिले p ही एकापेक्षा कमी राहिली पाहिजे, आणि अडचण हीच की ती संख्या कोणालाच आधी ठाऊक नसते.

विलंब पॅकेटच्या शंभराव्या भागाएवढा असताना चॅनेलचा जास्तीत जास्त उपयोग क्लाइनरॉक-तोबागी यांच्या गणितात वन-पर्सिस्टंटसाठी सुमारे ५३ टक्के, नॉन-पर्सिस्टंटसाठी ८१.५ टक्के आणि p = ०.०३ साठी जवळपास ८३ टक्के येतो. तरीही जुन्या सामायिक केबलवरच्या इथरनेटने वन-पर्सिस्टंटच निवडले, कारण तिथे संगणक पाठवता पाठवताच टक्कर ओळखून थांबतो. १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये टकरीत साधारण ५१.२ मायक्रोसेकंद जातात, १.२ मिलिसेकंदांचे मोठे पॅकेट पूर्ण वाया जात नाही, आणि पुढच्या प्रयत्नाआधी प्रत्येक जण यादृच्छिक काळ थांबतो. वाय-फायला ही सोय नाही, कारण स्वतःच्या प्रक्षेपणाच्या गोंगाटात त्याला दुसऱ्याचा क्षीण संकेत ऐकू येत नाही. म्हणून ते चॅनेल मोकळे झाल्यावर लगेच न बोलता यादृच्छिक संख्येएवढे टप्पे मोजते, आणि टक्कर झाल्यास त्या संख्येची मर्यादा दुप्पट करते.