एनडीआर आल्यावर री-अटेम्प्ट कसा मागायचा, आणि त्याआधी ग्राहकाला फोन का करायचा

पार्सल ग्राहकाच्या हातात पडलं नाही की कुरिअरकडून विक्रेत्याच्या पॅनलवर नॉन-डिलिव्हरी रिपोर्ट येतो. त्यालाच सगळे एनडीआर म्हणतात. त्यावर उत्तर द्यायचं असतं, म्हणजे पुन्हा प्रयत्न करा किंवा माल परत पाठवा असं सांगायचं असतं. बटण दाबायला अर्धं मिनिट लागतं, आणि बहुतेक विक्रेते तेवढंच करतात. मग तेच पार्सल आठवड्याभराने आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, होऊन विक्रेत्याकडे परत येतं आणि जाण्यायेण्याचं भाडं अंगावर पडतं. असं होताना मी इतक्यांदा पाहिलं आहे, की ज्या दोन-तीन जागी गाडी अडते तेवढ्याच जरा सविस्तर सांगतो.

री-अटेम्प्ट कोणत्या पार्सलला मिळतो

स्टेटस ‘अनडिलिव्हर्ड’ असलं पाहिजे आणि आरटीओ सुरू झालेला नसला पाहिजे. परतीचा स्कॅन एकदा पडला की माल परतीच्या बॅगेत जातो. त्यानंतर हेल्पडेस्क ‘विनंती पुढे पाठवली आहे’ असं गोड उत्तर देतो, पण पार्सल मागे वळल्याचं क्वचितच दिसतं.

नवा पत्ता त्याच पिनकोडमधला हवा. पिनकोड बदलला म्हणजे हब, म्हणजे कुरिअरचं त्या भागातलं वाटप केंद्र, बदललं, आणि ते काम री-अटेम्प्टमध्ये बसत नाही. ग्राहकाने स्वतः नकार देऊन त्यासाठी आलेला ओटीपी डिलिव्हरीवाल्याला सांगितला असेल, तर बहुतेक कुरिअर पार्सल थेट परतीला लावतात.

प्रयत्न शिल्लक असले पाहिजेत, हे उघडच आहे. पण मोजणीत लोक हमखास चुकतात. ‘तीन प्रयत्न’ असा नियम असेल तर जो फसल्यामुळे रिपोर्ट आला, तो पहिला प्रयत्न त्यात धरलेला असतो. म्हणजे तुमच्या हातात दोनच उरतात. शिवाय बरेच कुरिअर तुमच्या उत्तराची वाट न बघता दुसऱ्या दिवशी आपणहून पार्सल बाहेर काढतात. तुम्ही रात्री मेल पाहून ‘उद्या बघू’ म्हणालात, तर सकाळी जुन्याच पत्त्यावर आणि जुन्याच नंबरवर दुसरा प्रयत्न होऊन जातो. उरतो एक.

मुदत कुठून मोजायची

उत्तराला बहुतेकदा २४ तास किंवा ४८ तास दिलेले असतात. ते रिपोर्टच्या स्कॅनपासून धरायचे. तुम्ही मेल कधी उघडला याच्याशी कुरिअरला देणंघेणं नाही. याहून महत्त्वाची वेळ म्हणजे रोजचा कट-ऑफ. हबमध्ये सकाळी प्रत्येक डिलिव्हरीवाल्याची रनशीट, म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांची यादी, निघते. आदल्या दिवशीच्या कट-ऑफपर्यंत आलेल्या सूचनाच तिच्यावर चढतात. त्यानंतर दिलेलं उत्तर मुदतीत असतं, पॅनलवर हिरवं दिसतं, पण उद्याच्या रनशीटवर नसतं. मुदत पाळूनही प्रयत्न वाया गेला अशी तक्रार येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. आपल्या कुरिअरचा कट-ऑफ किती वाजता आहे ते अकाउंट मॅनेजरकडून लेखी घेऊन ठेवा. तोंडी विचारलंत तर प्रत्येक जण वेगळी वेळ सांगतो.

काय काय हाताशी लागतं

एडब्ल्यूबी नंबर म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, दुरुस्त पत्ता, ग्राहकाने सांगितलेली तारीख, एवढं सगळ्यांकडे असतं. नसतात दोन गोष्टी.

एक, पर्यायी मोबाईल नंबर. ऑर्डरच्या वेळी तो कोणी घेत नाही. दुसरी, ग्राहकाची लेखी कबुली. ‘डिलिव्हरीवाला आलाच नव्हता’ अशी तक्रार लावली की हेल्पडेस्क पुरावा मागतो. ‘मी स्वतः ग्राहकाशी बोललो’ याला तिथे किंमत नाही. त्यामुळे फोन ठेवता ठेवता ग्राहकाला विनंती करा, की बोललो तेच दोन ओळींत मेसेज करा: मी घरी होतो, पार्सल हवं आहे, अमुक दिवशी पाठवा. डिलिव्हरीच्या प्रयत्नाच्या वेळच्या त्यांच्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट मिळाला तर उत्तम. हेच मागणं दोन दिवसांनी केलंत तर लोक कंटाळलेले असतात.

बटण दाबण्याआधी फोन

फोन आधी आणि सूचना नंतर, हा क्रम उलटला की सूचनेत नवं काहीच नसतं. नवं काही नसेल तर निकालही तोच लागतो.

एक उदाहरण सांगतो. ओळखीच्या एका विक्रेत्यांचं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल सोमवारी दुपारी ४:१० ला फसलं. कारण होतं ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’. त्यांनी रात्री दहाला री-अटेम्प्ट दाबला आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. मंगळवारी ५:३५ ला पुन्हा तेच कारण. ते चिडून मला म्हणाले, “हा फेक अटेम्प्ट आहे, तक्रार टाकतो.” मी म्हटलं, आधी ग्राहक ताईंना फोन लावा. दोनदा लावला, उचलला नाही. मग आधी मेसेज टाकला: अमुक दुकानातून बोलतोय, तुमच्या ऑर्डरबद्दल दोन मिनिटं हवी आहेत. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, तेव्हा उचलला.

“ताई, काल-आज पार्सल घेऊन कोणी आलं होतं का?”

“नाही हो. मी दोन्ही दिवस घरीच होते.”

“फोन?”

“अनोळखी नंबर माझ्याकडे वाजतच नाहीत, आपोआप बंद होतात.”

“पत्ता एकदा तुम्हीच सांगता का?”

त्या म्हणाल्या, “बी विंग, ३०४.” ऑर्डरवर नुसतं ३०४ होतं. सोसायटीत तीन विंगा. डिलिव्हरीवाला दोन्ही दिवस ए विंगच्या ३०४ ला गेला होता आणि त्या दाराला कुलूप होतं. म्हणजे त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. रिपोर्टवरचं कारण त्या माणसाला दारात काय दिसलं ते सांगतं, पार्सल का पोचलं नाही ते सांगेलच असं नाही. फेक अटेम्प्टची तक्रार गेली असती, तर हबने त्याचं लोकेशन दाखवून ती बंद केली असती, आणि त्या भानगडीत तिसरा प्रयत्नही गेला असता.

या फोनमधल्या दोन-तीन गोष्टींचं भान ठेवण्यासारखं आहे. “पार्सल का घेतलं नाही?” असं विचारलं नाही. तसं विचारलं की समोरचा बचावाला उतरतो आणि खरं कारण कळत नाही. पत्ता आपण वाचून दाखवला नाही, त्यांना सांगायला लावला. आपण वाचला तर लोक अर्धवट ऐकून “हो हो, बरोबर” म्हणतात, आणि विंग राहते ती राहतेच. आणखी एक: ओटीपी मागू नका, कुठल्याही कारणासाठी नाही. उलट सांगा, की पार्सल हातात येण्याआधी तो कोणालाच देऊ नका.

पुढे विक्रेत्यांनी ताईंना विचारलं, उद्या की परवा? “उद्या मी बाहेर आहे, परवा दुपारपर्यंत घरी असेन.” रोख रक्कम तयार ठेवा असं सांगितलं आणि घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर घेतला.

सगळ्याच फोनचा शेवट इतका चांगला होत नाही. काही जण “हां, पाठवा पाठवा” म्हणतात, पण दिवस विचारला की “बघा कधीही”, वेळ विचारली की “असतो मी”, दुसरा नंबर विचारला की “हाच आहे”. यांना पार्सल नको आहे, फक्त नाही म्हणायचा संकोच आहे. अशा वेळी सरळ म्हणावं, “नको असेल तरी चालेल, तसं सांगा, मी परत बोलावतो.” नव्वद टक्के वगैरे आकडे मी देणार नाही, पण हे वाक्य ऐकल्यावर सुटल्यासारखं “राहू द्या मग” म्हणणारे पुष्कळ भेटलेत. तिथे री-अटेम्प्ट मागू नये, आरटीओ द्यावा. माल चार दिवस लवकर परत येतो आणि पुन्हा विकता येतो.

सूचना भरताना

मंगळवारी त्या विक्रेत्यांचा कट-ऑफ ७ ला होता आणि घड्याळात ६:५० झाले होते. तारीख गुरुवार निवडली. ती निवडली नसती तर बुधवारी, बाई बाहेर असताना, शेवटचा प्रयत्न झाला असता. तारीख शेऱ्यात लिहून भागत नाही, कॅलेंडरच्याच रकान्यात हवी.

नंबरचंही तसंच. डिलिव्हरीवाल्याला ग्राहकाचा खरा नंबर बऱ्याचदा दिसतच नाही. तो ॲपमधून कॉल लावतो आणि कॉल जातो पॅनलच्या रकान्यात असलेल्या नंबरवर. पर्यायी नंबर शेऱ्यात लिहिला तर तो तिथेच पडून राहतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचा नंबर फोनच्या रकान्यात टाकला.

शेरा आधी त्यांनी लिहिला होता: ‘ग्राहक वाट पाहत आहे, कृपया लवकरात लवकर डिलिव्हर करावे.’ यातून जिन्याखाली उभ्या असलेल्या माणसाला काय कळणार? तो पुसून लिहिलं: ‘बी विंग ३०४. ए विंग नाही. गुरुवारी २ च्या आत.’ मोबाईलवर पहिली ओळच नीट दिसते, म्हणून कामाचं पहिलं.

पाठवलं की स्टेटस बदललं का ते बघायचं आणि स्क्रीनशॉट ठेवायचा.

गुरुवारी सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसताच त्यांनी दोन्ही नंबरांवर मेसेज टाकला: आज पार्सल येतंय, अनोळखी नंबरवरून फोन येईल, तेवढा उचला. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मंगळवारचं बोलणं गुरुवारी दुपारी ग्राहकाच्या लक्षात असेल असं धरून चालू नये. ॲपमधून आलेल्या त्या नंबरवर उलटा फोन नेहमी लागतोच असंही नाही, त्यामुळे पहिला कॉल चुकला की बऱ्याचदा तो प्रयत्नही गेलाच.

१:०५ ला डिलिव्हर्ड पडलं. फोन ताईंच्या सासूबाईंनी उचलला होता. त्याच संध्याकाळी त्या विक्रेत्यांनी ऑर्डर फॉर्ममध्ये विंगेचा वेगळा रकाना जोडला. पर्यायी नंबरचा अजून जोडलेला नाही.