काकांनी डिपॉझिट का मागितलं नाही?

नारायण पेठेतली एक खोली. भाड्याने जागा बघायला आलेला मुलगा आणि समोर लेंग्यातले काका.

"भिंतीत खिळा ठोकायचा नाही." मुलगा मान डोलावतो.
"मिक्सर लावायचा नाही. चटणी पाट्यावर."
"घरात चपला घालून चालायचं नाही. आवाज होतो."
"शिंक येतेय असं वाटलं, की नदीपात्रात जाऊन यायचं."

दीड मिनिटाच्या व्हिडिओसाठी आम्ही लिहिलेलं हे स्किट. पहिल्या खर्ड्यात चपलांनंतर 'दार हळू लावायचं' अशी अट होती आणि वाचनात तिथे कुणी हसलं नाही. एक किलोच्या पिशवीत 100 ग्रॅम घातले तर हाताला कळतं, दहा किलोच्या गोणीत तेच कळत नाहीत. जाणवणारा फरक आधीच्या वजनाच्या प्रमाणात वाढावा लागतो, हे 19व्या शतकात एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं. विनोदाला हा नियम मोजून लावता येत नाही, पण दार ही चपलांएवढीच अट होती, म्हणून ती उडवली. 'अंडी चालणार नाहीत' हीसुद्धा उडवली. ती मोठी होती, पण आवाजाची नव्हती. तिथून दुसरंच स्किट सुरू होतं.

आता शेवट. बेल वाजते, दारात एक आजोबा. कानामागे हात धरून म्हणतात, "खोली कधी सोडताय? मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही!" म्हणजे काका मालक नाहीतच. ते जुने भाडेकरू आहेत, आणि येईल त्याला पळवून लावतायत.

हा शेवट पहिल्यांदा साफ पडला. सगळे म्हणाले, "म्हणजे?" मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी 1972 साली मांडलं, की विनोद कळणं दोन टप्प्यांत होतं: आधी अपेक्षा मोडते, मग त्या मोडण्याला जुळणारा अर्थ सापडतो. आमच्याकडे धक्का होता, पण मागे वळून सापडावं असं काही पेरलंच नव्हतं.

मग एक ओळ घातली. मुलगा विचारतो, "डिपॉझिट किती?" काका म्हणतात, "पैशाचं काय घेऊन बसलात! आधी माणूस बघू." इथे हशा येतो आणि त्या हशाखाली खूण झाकली जाते. पुण्यातला घरमालक डिपॉझिटचं बोलत नाही, हे कुणाला खटकत नाही. आजोबा आले की मात्र तेच आठवतं. ही ओळ आम्ही मिक्सर आणि चपला यांच्यामध्ये ठेवली; बेलच्या अगदी आधी होती तेव्हा निम्म्यांना शेवट आधीच कळत होता.

तपासायची आमची रीत साधी आहे. स्क्रिप्ट न ऐकलेल्या चौघांना वाचून दाखवायची, बेलपाशी थांबायचं आणि "दारात कोण?" असं विचारायचं. चौघांनीही 'खरा मालक' सांगितलं, तर खूण फार उघडी आहे. पुढचं वाचल्यावर कुणी "म्हणजे?" म्हणालं, तर ती फार दडलेली आहे.

आजोबांच्या वाक्यानंतर मुलाचं "अहो, मग हे कोण?" होतं. तेही कापलं. आता आजोबा ओरडतात, काका हळूच चपला घालतात आणि फट् फट् वाजवत जिना उतरतात.