जुनी इमारत पाडून नवी बांधायची? आधी रस्त्याची रुंदी मोजा आणि जुना मंजूर नकाशा शोधा (कोल्हापूर)

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागातल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींचे पुनर्विकासाचे प्रस्ताव महापालिकेच्या नगररचना विभागातून परत येतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण बांधकामाच्या आराखड्यात नसते. हिशेबच चुकीच्या आकड्यावर उभा असतो. रहिवाशांनी बिल्डरशी बोलणी केलेली असतात, कोणाला किती जादा चौरस फूट मिळणार हेही ठरलेले असते, आणि मग छाननीत कळते की तेवढे क्षेत्र त्या जागेवर बसतच नाही. घर सोडून भाड्याने राहायला गेलेल्या माणसांना हे ऐकावे लागते तेव्हा फार वाईट वाटते. म्हणून इथे भर फक्त अडणाऱ्या गोष्टींवर दिला आहे.

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या क्षेत्राला या आकड्याने गुणले की किती बांधकाम करता येईल ते मिळते. डिसेंबर 2020 पासून कोल्हापुरात राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार हा आकडा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: जागा विकास आराखड्यातल्या दाट वस्तीच्या हद्दीत आहे की बाहेर, आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे. दाट वस्तीत रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ एफएसआय 1.5 आहे. 9 मीटर किंवा जास्त असेल तर तो 2 होतो आणि वर शुल्क भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय व टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, हेही घेता येतात. दाट वस्तीबाहेर मूळ आकडा 1.1 आहे आणि तिथेही 9 मीटरखालच्या रस्त्यावर प्रीमियम किंवा टीडीआर मिळत नाही. आपल्या पेठांतले बोळ किती रुंद आहेत हे कोल्हापूरकराला सांगायला नको. ताराबाई पार्कातल्या नातेवाइकांच्या इमारतीला काय मिळाले याच्या आधारावर पेठेतला हिशेब मांडू नका.

रुंदीचा आकडा अंदाजाने धरू नका. विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला नगररचना विभागाकडून मागून घ्या. त्यात झोन, रस्त्याची प्रस्तावित रुंदी आणि जागेवर आरक्षण आहे का, हे तिन्ही कळते. अर्ज करून मिळणारा हा दाखला लोक सर्वात शेवटी काढतात. तो सर्वात आधी काढावा.

एक हिशेब मांडून बघू

शिवाजी पेठेतली एक इमारत समजा. मालमत्ता पत्रकावर भूखंड 300 चौरस मीटर, समोरचा बोळ 6 मीटरचा. नगर भूमापनकडून मोजणी करून घेतली तर जागेवर 288 चौरस मीटरच भरतात. कागद आणि मोजणी यांतला कमी आकडा धरतात, म्हणजे 288. त्याला 1.5 ने गुणले की मूळ क्षेत्र 432 चौरस मीटर येते.

सध्या उभी इमारत तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजला 140 चौरस मीटर, म्हणजे 560 चौरस मीटर, आणि आठ फ्लॅट. रहिवासी म्हणतात, आमचे 560 तर आहेतच, त्यावर वाढीव द्या. नियमावलीत जुन्या इमारतींसाठी खरोखर दिलासा आहे: परवानगीचा एफएसआय आणि जुन्या अधिकृत बांधकामाने वापरलेला एफएसआय, यांतला जो जास्त तो धरायचा आणि त्यावर प्रोत्साहनपर क्षेत्र द्यायचे. हे प्रोत्साहन अधिकृत क्षेत्राच्या 30 टक्के किंवा दर फ्लॅटमागे 15 चौरस मीटर, यांतले जे जास्त ते. त्याच्या अटी कलम 7.6 मध्ये आहेत. तुमची इमारत त्यात बसते का, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

आता 'अधिकृत' या शब्दावर थांबा, कारण प्रस्ताव इथेच पडतात. समजा मंजूर नकाशा तळमजला अधिक दोन मजल्यांचाच निघाला. तिसरा मजला नंतर चढवलेला. मग अधिकृत क्षेत्र 420 चौरस मीटर आणि अधिकृत फ्लॅट सहा. 432 आणि 420 यांत 432 जास्त. प्रोत्साहन 420 चे 30 टक्के म्हणजे 126 (सहा फ्लॅटांचे 90 त्यापेक्षा कमी). एकूण 558. म्हणजे सगळे जादा धरूनसुद्धा आज वापरात असलेल्या क्षेत्राएवढेही होत नाही.

तोच तिसरा मजला मंजूर असल्याचा नकाशा सापडला असता, तर हिशेब 560 अधिक 168, म्हणजे 728 चौरस मीटर झाला असता. फरक 170 चौरस मीटरचा, म्हणजे आजच्या मापाने दोन फ्लॅटांपेक्षा जास्त. हा सगळा फरक एका जुन्या नकाशाने पडतो.

या आकड्यांवर निवासी बांधकामासाठी 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र, म्हणजे जिने, बाल्कनी, पॅसेज अशांसाठीचे जादा क्षेत्र, प्रीमियम भरून मिळते, म्हणून बिल्डरच्या तक्त्यात 432 च्या जागी 691 दिसते. ते पाहून हुरळून जाऊ नका. जुन्या नियमांत जिने, बाल्कनी, पॅसेज बऱ्याच प्रमाणात एफएसआयबाहेर असत. नव्या नियमांत मजल्याच्या बाह्यरेषेच्या आतले जवळपास सगळे मोजले जाते आणि ते या 60 टक्क्यांत बसवायचे असते. जुने 560 आणि नवे 691 हे सारख्या मापाचे आकडे नाहीत. तुलना फक्त फ्लॅटच्या चटई क्षेत्राची करा.

मंजूर नकाशा कुणाकडेच नसतो

घरफाळ्याची पावती घेऊन लोक येतात आणि म्हणतात, चारही मजल्यांचा घरफाळा भरतोय, मग अनधिकृत कसे? घरफाळा बांधकाम वापरात आहे म्हणून आकारला जातो. त्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही. वीज मीटर आणि नळजोडणीचेही तसेच. लागतो तो मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि शक्यतो भोगवटा प्रमाणपत्र.

नकाशा शोधायला आधी महापालिकेच्या अभिलेखात माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जात सिटी सर्व्हे क्रमांक, वॉर्ड, मूळ मालकाचे नाव आणि बांधकामाचे अंदाजे वर्ष लिहा, कारण फाइल आजच्या सोसायटीच्या नावाने नसते. 'अभिलेख आढळून येत नाही' एवढे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. लेखी घ्या. महापालिकेनेच जपायचा कागद महापालिकेलाच सापडत नाही आणि त्याचा भुर्दंड रहिवाशांवर पडतो, हे मला अजिबात पटत नाही. पण लेखी उत्तराशिवाय पुढच्या कोणत्याही मागणीला आधार राहत नाही.

दरम्यान घरातले कागद चाळा. सर्वात जुन्या फ्लॅटधारकाच्या नोंदणीकृत करारनाम्याला अनेकदा नकाशाची प्रत जोडलेली असते. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळते. कुणी त्या काळी गृहकर्ज घेतले असेल तर बँकेच्या फाइलमध्येही मंजूर नकाशा असू शकतो. हे पुरावे मूळ परवानगीची जागा घेतातच असे नाही, पण परवानगी क्रमांक आणि तारीख हाती लागली तर अभिलेखात शोध सोपा होतो.

मालमत्ता पत्रकावर अजून जुन्या मालकाचे नाव असेल तर ते काम आजच सुरू करा. जागेची मालकी सोसायटीच्या नावे करणारे अभिहस्तांतरण झालेले नसल्यास आणि जुना मालक ते करून देत नसल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो, आणि त्याला वेळ जातो.

बोळ रुंद दाखवता येतो का?

सगळ्यांचा हा प्रश्न असतो. महापालिकेने त्या बोळासाठी कायद्याप्रमाणे रस्तारेषा आखून तो 9 मीटरचा ठरवला असेल, तर मध्यापासून साडेचार मीटरच्या आतली आपली पट्टी सोडून 9 मीटरच्या रस्त्याचा लाभ मागता येतो. आपल्या उदाहरणात दीड मीटर सोडावे लागेल. दर्शनी बाजू 12 मीटर असेल तर 18 चौरस मीटर जागा गेली. उरलेल्या 270 वर 2 च्या दराने 540 होतात, म्हणजे 432 पेक्षा बरेच जास्त. पण रेषा आखलेली नसताना एकट्या इमारतीने पुढची भिंत मागे घेतल्याने बोळ 9 मीटरचा होत नाही. ती रेषा आहे की नाही हे विचारूनच बोलणी करा.

वापर बदलतो

जुन्या तळमजल्यावर छापखाना, वेल्डिंगचे दुकान किंवा गोदाम वर्षानुवर्षे चालू असते. नवी इमारत मात्र आजच्या झोनच्या वापराच्या यादीतून तपासली जाते. दाट वस्तीत 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचा निवासी भूखंड आर-1 या निवासी झोनमध्ये मोडतो. तिथे रोजच्या गरजेची दुकाने, दवाखाना अशा मर्यादित वापरांना जागा आहे. तळमजल्याच्या गाळेधारकाला 'आहे तसाच गाळा' लिहून देण्याआधी त्याचा धंदा यादीत आहे का ते बघा. नाहीतर करार एक सांगतो आणि परवानगी दुसरेच.

पंचगंगेच्या बाजूला

उत्तरेश्वर पेठ, गंगावेशीच्या खालचा भाग, दुधाळीकडची वस्ती इथे झोनबरोबर पूररेषाही बघावी लागते. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर याविषयी वेगळे सांगायला नको. निळी रेषा वारंवार येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम बंद असले तरी अस्तित्वातल्या अधिकृत इमारतीच्या पुनर्विकासाला वाट आहे, अट अशी की जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंच हवी. म्हणजे तळाला मोकळे खांब आणि वाहनतळ. इथेही 'अधिकृत' हा शब्द आहेच, म्हणजे पुन्हा तोच जुना नकाशा.

मुदती

प्रस्ताव ऑनलाइन, नोंदणीकृत आर्किटेक्टमार्फत जातो. संमतीपत्रे, संरचनात्मक तपासणीचा अहवाल, घरफाळा थकबाकी नसल्याचा दाखला हे नेहमीचे कागद आर्किटेक्ट सांगेल. 60 दिवसांच्या नियमाचा मात्र फार गैरसमज आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 नुसार 60 दिवसांत निर्णय नाही आला तर परवानगी मिळाली असे मानले जाते. पण विभागाने त्रुटी काढल्या तर दिवस तुमच्या उत्तराच्या तारखेपासून मोजायचे, आणि आराखडा नियमांशी तंतोतंत जुळणारा असला तरच ही मानीव परवानगी टिकते. तिच्या भरवशावर इमारत पाडायला घेऊ नका.

मिळालेली परवानगी एका वर्षासाठी असते. दरवर्षी नूतनीकरण करत ती जास्तीत जास्त आणखी तीन वर्षे वाढवता येते. 'चार वर्षांची परवानगी आहे' असे समजून पहिले वर्ष उलटू दिले की फेरा पुन्हा सुरू. आणि प्रस्ताव नाकारला गेला, तर आदेश कळल्यापासून 40 दिवसांत कलम 47 खाली शासनाकडे अपील करता येते. आदेशावरची तारीख आणि तो तुमच्या हाती पडल्याची तारीख, दोन्ही लिहून ठेवा.