करारातले लवादाचे कलम: सही करण्यापूर्वी काय तपासावे

भोसरीतला एक कारखाना बेंगळुरूच्या कंपनीला ४० लाखांचे यंत्र विकतो आहे, असे समजा. करारात लिहिले आहे: ‘वाद झाल्यास खरेदीदार कंपनीचे संचालक लवाद नेमतील. बैठका पुण्यात होतील. न्यायाधिकार बेंगळुरूचा राहील.’ आमच्याकडे तपासायला येणाऱ्या अनेक करारांत अशीच वाक्ये असतात. यातल्या दोन गोष्टी पुढे नडतात.

पहिली, नेमणूक. १९९६ च्या लवाद कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून पक्षकाराचा नोकर किंवा संचालक लवाद होऊ शकत नाही. जो स्वतः लवाद होऊ शकत नाही, त्याला एकट्याने दुसरा लवादही नेमता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले. ही हरकत सोडायची तर वाद उभा राहिल्यानंतर, तीही लेखी सोडावी लागते. नाहीतर निवाडा हाती आल्यावर तो रद्द होण्याचा धोका राहतो आणि घातलेला वेळ, पैसा वाया जातो.

दुसरी, ‘सीट’, म्हणजे लवादाचे कायदेशीर ठाणे. लवादावर देखरेख कोणत्या न्यायालयाची, हे त्यावरून ठरते. बैठकीची जागा वेगळी असू शकते. ठाणे पुणे ठेवून सुनावणी बेंगळुरूत किंवा व्हिडिओवरही घेता येते. वरच्या कलमात बैठका एकीकडे आणि न्यायाधिकार दुसरीकडे आहे. त्यामुळे लवाद नेमून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात जायचे की कर्नाटक उच्च न्यायालयात, इथूनच भांडण सुरू होते. ‘सीट पुणे राहील’ असे सरळ लिहा आणि न्यायाधिकारही तिथलाच ठेवा.

लवादांची संख्या कायद्याने विषम हवी. काहीच लिहिले नसेल तर एकच लवाद धरला जातो. ४० लाखांच्या व्यवहाराला एक पुरेसा आहे. तीन नेमले की तिघांची फी आली, आणि तिघांच्या मोकळ्या तारखाही जुळवाव्या लागतात.

आम्ही सुचवतो ते कलम असे: ‘या करारातून उद्भवणारा कोणताही वाद एकाच लवादाकडे सोपवला जाईल. लवाद दोन्ही पक्ष संमतीने नेमतील. मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत एकमत न झाल्यास नेमणूक उच्च न्यायालयामार्फत होईल. सीट पुणे. कामकाजाची भाषा इंग्रजी. मराठी कागदपत्रे भाषांतराशिवाय दाखल करता येतील.’

‘सोपवला जाईल’ याऐवजी ‘सोपवता येईल’ लिहू नका. मग लवाद बंधनकारकच नाही, असा बचाव समोरचा घेतो. कलमात विशिष्ट व्यक्तीचे नावही घालू नका, कारण वाद होईपर्यंत ती हयात किंवा तयार असेलच असे नाही. भाषेची शेवटची ओळ मात्र जरूर ठेवा. चलने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप मराठीत असतील, तर प्रत्येकाचे भाषांतर सादर करण्याचा आदेश लवाद देऊ शकतात, आणि तो खर्च बहुधा तुमच्यावरच येतो.

३० दिवस नोटीस पोचल्यापासून मोजतात. म्हणून दोन्ही पक्षांचे नोटिशीचे पत्ते आणि ईमेल करारातच लिहून घ्या.