भिंतीलगतच्या पहिल्या सेलची उंची

संक्षुब्ध प्रवाहाचे संगणकीय अनुकरण करताना भिंतीला टेकलेल्या जाळीच्या पहिल्या थराची जाडी. ती थेट न ठरवता आधी y+ ही परिमाणरहित संख्या ठरवतात व तिच्यावरून काढतात.

```
y+ = y·u_τ/ν      u_τ = U·√(Cf/2)
```

येथे y हे भिंतीपासूनचे अंतर, u_τ घर्षणवेग, ν म्हणजे श्यानता भागिले घनता, U मुक्त प्रवाहाचा वेग आणि Cf घर्षणगुणांक.

सुमारे y+ = ५ पर्यंत वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो; साधारण ३० च्या पलीकडे लघुगणकीय नियम लागू पडतो. या नियमाचे श्रेय सहसा कार्मान (१९३०) व प्रांटल यांना देतात. मात्र मिश्रणलांबीची कल्पना न वापरता, आतल्या व बाहेरच्या थरांच्या सामायिक पट्ट्यावरून तो काढण्याची इझाक्सन (१९३७) व मिलिकन (१९३८) यांची रीत अधिक पक्की वाटते. नियमातील कार्मान स्थिरांक बहुधा ०.४१ धरतात; नंतरच्या मापनांत ०.३८ च्या आसपासची मूल्येही आली आहेत. सेलची उंची ठरवताना या वादाने फारसे बिघडत नाही.

भिंतीपर्यंतचा प्रवाह सोडवायचा असेल तर y+ सुमारे १ धरतात. भिंतीलगतचा थर न सोडवता लघुगणकीय नियमावरून अंदाजणारे भित्तिफलन वापरायचे असेल तर ३० च्या वर. मधल्या पट्ट्यात दोन्ही सूत्रे नीट बसत नाहीत. म्हणूनच भित्तिफलनाची जाळी बारीक करत नेली की उत्तर सुधारण्याऐवजी बिघडू शकते.

अडचण अशी की u_τ हा उत्तराचाच भाग आहे. म्हणून Cf सपाट पट्टीच्या सूत्रावरून अंदाजतात. समजा, १ मीटर लांबीच्या पट्टीवरून २० मी./से. वेगाने हवा वाहते आणि ν = १.५×१०⁻⁵ मी.²/से. आहे. रेनल्ड्स संख्या सुमारे १३.३ लाख येते. श्लिक्टिंगच्या `(2 log10 Re − 0.65)^−2.3` या सूत्राने Cf ≈ ०.००३६, त्यावरून u_τ ≈ ०.८५ मी./से. आणि y+ = १ साठी y ≈ ०.०१८ मिमी. इतर प्रचलित सूत्रांनी Cf चार-पाच टक्क्यांनी हलतो, पण वर्गमुळामुळे उंचीत त्याच्या निम्माच फरक पडतो.

खरी चूक पुढे होते. ओपनफोमसारख्या सेलकेंद्री प्रणालीत y हे सेलच्या मध्यापर्यंतचे अंतर असते. त्यामुळे थराची उंची दुप्पट, म्हणजे सुमारे ०.०३५ मिमी, द्यावी लागते. पट्टीच्या टोकाशी सीमास्तर सुमारे २२ मिमी जाड असतो. प्रत्येक थर आधीच्या १.२ पट धरल्यास तो व्यापायला सुमारे २७ थर लागतात.

गणित झाल्यावर पडताळा घेतात:

```
simpleFoam -postProcess -func yPlus
```

y+ २ आला व १ हवा असेल तर उंची निम्मी करतात. मात्र प्रवाह जिथे भिंतीपासून सुटतो तिथे कर्तन प्रतिबल शून्याजवळ जाते आणि y+ आपोआप घसरतो. म्हणून केवळ किमान किंवा सरासरी आकडा न पाहता y+ पृष्ठभागावर कसा पसरला आहे ते पाहतात.