बहर कधी येणार? सहाशे अंशांचा हिशेब

वॉशिंग्टनमध्ये टायडल बेसिन नावाच्या जलाशयाभोवती चेरीची झाडं आहेत. तिथे पूर्ण बहर सगळ्यात लवकर आला तो 1990 साली, 15 मार्चला. सगळ्यात उशिरा आला 1958 साली, 18 एप्रिलला. जागा तीच, जात तीच, पण फरक महिन्याहून जास्त. अशा झाडांसाठी सहा महिने आधी विमानाचं तिकीट काढायचं, तर नेमकी कुठली तारीख धरायची?

बहुतेक जण सरासरी तारीख धरतात. टोकियोत 1991 ते 2020 या तीस वर्षांची सरासरी काढली, तर पहिली फुलं 24 मार्चला उमलतात. प्रत्यक्षात 2020 आणि 2021 मध्ये ती 14 मार्चलाच उमलली आणि 2024 मध्ये 29 मार्चपर्यंत थांबली. सरासरी खोटी नसते, पण झाड तिच्याकडे बघत नाही. झाडाचा स्वतःचा हिशेब असतो, आणि तो बऱ्यापैकी आपल्यालाही मांडता येतो.

चेरीच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि शरद ऋतूत झोपी जातात. त्यांना जागं करायला आधी थंडी लागते, ऊब नंतर. काही आठवड्यांचा पुरेसा गारठा मिळाला की कळीची झोप मोडते आणि तिथून पुढे ती रोजची उष्णता जमा करत जाते. ठराविक साठा झाला की उमलते. जपानमध्ये यासाठी एक ढोबळ पण कामाचा नियम वापरतात: 1 फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान बेरजेत धरत जायचं आणि बेरीज 600 अंश सेल्सिअसला पोचली की फुलं येणार असं समजायचं.

टोकियोसाठी हा हिशेब करून पाहू. फेब्रुवारीचं सरासरी कमाल तापमान 10.9 अंश असतं. 28 दिवसांचे झाले साधारण 305. उरले 295. मार्चची सरासरी 14.2 अंश, म्हणजे आणखी 21 दिवस, म्हणजे 21 मार्च. मार्चचा पहिला पंधरवडा दुसऱ्यापेक्षा थंड असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा उशीर होतो, आणि आपण 24 तारखेच्या अगदी जवळ येतो. आता हेच गणित उबदार वर्षाचं करा: फेब्रुवारी 13 अंश, मार्च 16 अंश. उत्तर येतं 15 मार्च. थंड वर्षात, फेब्रुवारी 9 आणि मार्च 12 असेल, तर 29 मार्च. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन अंशांचा फरक, पण दोन टोकांच्या तारखांत दोन आठवड्यांचं अंतर पडलं.

या गणितातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. फेब्रुवारी संपतो तेव्हा निम्मा साठा जमलेला असतो. उरलेल्या 295 अंशांना मार्च थंड असला तर 25 दिवस लागतील, उबदार असला तर 19. म्हणजे अंदाजातली अनिश्चितता सहा दिवसांवर आली. शंभरच अंश उरले असतील तर ती दोन दिवसांवर येते. म्हणूनच वॉशिंग्टनच्या झाडांची देखभाल करणारी राष्ट्रीय उद्यान सेवा सांगते, की दहा दिवसांहून आधी पूर्ण बहराचा नेमका अंदाज देता येत नाही. जानेवारीत कोणी एकच तारीख ठामपणे सांगत असेल, तर तिच्यावर तिकीट काढू नये.

शेवटच्या दिवसांत आकडे सोडून कळीकडेच पाहावं. आधी तपकिरी खवल्यांच्या टोकाशी हिरवट रंग दिसतो. मग खवले फाकतात आणि आतला छोट्या कळ्यांचा झुबका दिसू लागतो. नंतर एकेका कळीचा देठ लांबतो आणि कळ्या सुट्या होऊन लोंबू लागतात. इथून पूर्ण बहर साधारण आठवड्यावर असतो. कळ्या फुगून पांढऱ्या दिसल्या की चार ते सहा दिवस. ठिकाणाचे ताजे फोटो मिळाले तर गर्दीच्या, गुलाबी दिसणाऱ्या फोटोपेक्षा एका फांदीचा जवळून काढलेला फोटो कितीतरी जास्त सांगतो.

टोकियोत पहिलं फूल ते पूर्ण बहर यात साधारण आठवडा जातो. त्यापुढे किती दिवस मिळतील हे हवेवर ठरतं: गारवा राहिला तर पाकळ्या टिकतात, वारा-पाऊस आला तर एका दिवसात झडतात. त्यात शहरांमधली बहुसंख्य झाडं सोमेई योशिनो या एकाच जातीची, कलम करून वाढवलेली. जनुकं सारखी, म्हणून एकाच भागातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि एकदम ओसरतात. देखणेपणाचं कारण तेच, चुकामूक होण्याचं कारणही तेच.

नियमाला मर्यादाही आहे. हिवाळा फार उबदार गेला तर कळ्यांना थंडी पुरत नाही, त्या नीट जाग्याच होत नाहीत. 2020 मध्ये दक्षिणेकडचं, टोकियोपेक्षा उबदार कागोशिमा टोकियोच्या दोन आठवड्यांहून जास्त मागे राहिलं. तेव्हा ‘यंदा थंडी नाही, म्हणजे फुलं लवकर’ हा तर्क उबदार प्रदेशांत उलटा पडू शकतो.

मग आधी आरक्षण करावंच लागणाऱ्याने काय करावं? माझ्या मते तारखेची अचूकता शोधण्यापेक्षा उंचसखल भूभाग निवडावा. शंभर मीटर चढलं की हवा साधारण अर्धा-पाऊण अंश थंड होते आणि बहर तेवढा मागे पडतो. जपानमधल्या योशिनो डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत शिमो, नाका, कामी आणि ओकु सेनबोन असे चार टप्पे आहेत, आणि फुलं याच क्रमाने वर चढत जातात. तिथे मुख्यतः डोंगरी चेरी आहे, बियांपासून वाढलेली, त्यामुळे झाडाझाडातही फरक पडतो. पायथ्याला उशीर झाला तर वर जायचं, वर अजून कळ्याच असतील तर खाली थांबायचं.

उंच पर्वतांवरच्या कुरणांना मात्र ही बेरीज लागू नाही. तिथलं घड्याळ बर्फ वितळलं की सुरू होतं. बर्फाखालच्या रोपाला वर कितीही ऊन असलं तरी ते शून्य अंशाच्या आसपासच बसलेलं असतं. म्हणून तिथे फेब्रुवारी-मार्चच्या तापमानापेक्षा वसंतात साठलेल्या बर्फाची जाडी आणि तो जमिनीवरून कधी गेला हे बघायचं.

पण बर्फ लवकर गेला म्हणजे बहर फक्त लवकर येतो असं नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात गॉथिक इथे, सुमारे 2,900 मीटरवर, डेव्हिड इनौये 1973 पासून फुलं मोजत आले आहेत. तिथे दिसलं, की बर्फ लवकर सरला की कळ्या लवकर बाहेर येतात आणि जूनमधल्या एखाद्या कडक थंडीच्या रात्री गोठून मरतात. सूर्यफुलासारख्या काही जातींची त्या वर्षीची फुलं जवळपास संपूनच जातात. अशा वर्षी लवकर जाऊनही कुरण हिरवं पण ओकंबोकं दिसू शकतं. तेव्हा उत्तरेकडे तोंड असलेले उतार आणि वाऱ्याने बर्फ साठवलेल्या घळी शोधाव्यात. तिथे बर्फ कित्येक दिवस उशिरा जातो, कळ्या त्या थंड रात्रीनंतर बाहेर येतात, आणि फुलं मिळण्याची शक्यता तिथेच जास्त असते.